साडेसहाचा रिपोर्ट आणि रोजचे दहा सेकंद

औषधांच्या घाऊक वितरणाच्या एका कंपनीत मी डेटाबेस सांभाळतो. रात्री तीनला आमचा एक जॉब सुरू होतो आणि सकाळी साडेसहाच्या आत प्रत्येक डेपोला शिल्लक मालाचा आणि थकबाकीचा रिपोर्ट पोचवतो. तो हातात आल्याशिवाय गाड्या भरायला घेत नाहीत. जॉब अडकला तर इशारा द्यायची सोय आमच्याकडे होती, पण तो इशारा साडेसहाला रिपोर्ट नसेल तरच वाजायचा. तोवर डेपोत माणसं उभी असतात, म्हणून मला तो पुरेसा वाटत नव्हता.

जॉब किती वेळ चालला याची नोंद आधीपासून होत होती, पण फक्त एकूण वेळेची. मी जॉबच्या प्रत्येक टप्प्याची सुरुवात आणि शेवट एका तक्त्यात लिहायला लावलं. शिवाय जॉब ठरल्यापेक्षा किती उशिरा सुरू झाला हे वेगळं ठेवलं. आदल्या रात्रीचं डे-एंड, म्हणजे दिवसाचे व्यवहार बंद करायचं काम, लांबलं की आमचा जॉब ताटकळतो, आणि तो उशीर जॉबच्या खात्यात धरला तर दुखणं भलतीकडेच शोधत बसावं लागतं.

सुरुवातीला वाटलं होतं, गेल्या सात दिवसांच्या सरासरीशी तुलना करावी आणि तीस टक्क्यांहून जास्त वाढ झाली की इशारा द्यावा. अचानक बिघाड झाला तर ही पद्धत चालते. हळूहळू वाढणाऱ्या वेळेला ती पकडतच नाही, कारण सरासरीही त्या वेळेबरोबर वर सरकत राहते. आमचा जॉब रोज दहा सेकंदांनी वाढत होता. अडुसष्ट मिनिटांच्या जॉबमध्ये आठवड्याला सत्तर सेकंद म्हणजे दोन टक्केसुद्धा नाहीत. तीन महिन्यांत मात्र त्याचीच पंधरा मिनिटं झाली होती. म्हणून मी सरासरी सोडली आणि तीन महिन्यांच्या नोंदींवरून प्रत्येक टप्प्याचा रोजचा चढ काढला. PostgreSQL मध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे:

```sql
SELECT step,
       regr_slope(extract(epoch FROM finished_at - started_at),
                  report_date - DATE '2024-01-01') AS sec_per_day
FROM job_runs
WHERE report_date > current_date - 90
GROUP BY step
ORDER BY 2 DESC;
```

उत्तर येतं ते रोजचे किती सेकंद वाढले, असं. बॅकअप आणि जॉब एकमेकांवर आले अशा रात्री मी आधी वगळतो, नाहीतर एकटी वाईट रात्र सगळा चढ वाकडा करते.

पुढचा प्रश्न होता, रोज दहा सेकंद म्हणजे किती दिवस हातात आहेत? तीन ते साडेसहा म्हणजे २१० मिनिटं. जॉब ६८ मिनिटांचा. सरळ भागाकार केला तर दोन वर्षांहून जास्त वेळ दिसतो, आणि वरिष्ठांनीही तेच म्हटलं, "अहो, अजून खूप अवकाश आहे, आत्ता कशाला हात घालताय?" पण जॉब शेवटच्या मिनिटाला कोसळला तर तो पुन्हा पहिल्यापासून चालवावा लागतो. त्यात कोणाला तरी फोन लागेपर्यंत आणि कारण समजेपर्यंत अर्धा तास जातो. म्हणजे २१० मधून ३० वजा करून उरलेल्याचे दोन भाग करायचे. खरी मर्यादा ९० मिनिटांची. ती ओलांडल्यावरही रिपोर्ट रोज वेळेत पोचत राहील, फक्त एकदा जरी जॉब पडला तरी सावरायला वेळ उरणार नाही.

त्यात महिनाअखेरीला आमच्याकडे सतरा-अठरा मिनिटं जास्त लागतात. हा हिशोब मी जानेवारीच्या अखेरीस मांडत होतो. रोजच्या जॉबला नव्वदपर्यंत पोचायला जूनपर्यंत वेळ होता, पण महिनाअखेरचा जॉब फेब्रुवारीच्याच अखेरीस ती रेष ओलांडणार होता आणि पुढे मार्च उभा होता. हे कागदावर मांडून दाखवल्यावर वरिष्ठांनी लगेच काम हाती घ्यायला सांगितलं.

दहापैकी आठ सेकंद एकट्या शिल्लक मालाच्या टप्प्याचे होते. तो टप्पा चाळीस मिनिटं घेत होता. चाळीस मिनिटं म्हणजे २,४०० सेकंद. आठने भागले तर ३०० दिवस. जानेवारीअखेरपासून तीनशे दिवस मागे गेलं की एप्रिलची सुरुवात येते, आणि आमची नवी प्रणाली एक एप्रिललाच सुरू झाली होती! चढाची रेष मागे नेली की ती शून्याला टेकते नेमकी पहिल्या नोंदीच्या दिवशी. क्वेरी उघडायच्या आधीच मला खात्री पटली की हा टप्पा दर रात्री अगदी पहिल्या दिवसापासूनची सगळी आवक-जावक बेरजेला घेतोय. क्वेरीत तसंच निघालं. धंदा वाढला नव्हता, रोजच्या नोंदी साधारण तेवढ्याच होत्या. वाढत होता तो इतिहास.

`EXPLAIN ANALYZE` मध्ये आणखी एक गोष्ट दिसली, जिच्यामुळे मला जास्त काळजी वाटली. HashAggregate च्या खाली `Disk Usage` आलं होतं, म्हणजे गट करायला दिलेली मेमरी पुरत नव्हती आणि काम डिस्कवर सांडत होतं. अशा वळणावर वेळ सरळ रेषेत न वाढता एकदम उडी घेऊ शकतो. म्हणून मी काढलेल्या तारखांना मी 'फार तर इतके दिवस' असंच मानतो.

उपाय जुनाच आहे, दुकानदाराच्या वहीतला: महिन्याची अखेरची शिल्लक लिहून ठेवायची आणि पुढे त्यानंतरच्याच नोंदी मिळवायच्या. अडचण मागच्या तारखेच्या नोंदींची. मुदत संपलेली औषधं दुकानांकडून परत येतात, त्यांचे कागद दहा-दहा दिवस उशिरा पोचतात आणि नोंद होते मागच्या महिन्याच्या तारखेला. शिल्लक गोठवून ठेवली तर अशी नोंद मोजणीतून निसटते आणि रिपोर्ट चुकीचा आकडा वेगात देतो. अकाउंट्सशी बसून ठरवलं की महिना पुढच्या दहा तारखेच्या रात्रीच्या जॉबनंतर बंद करायचा, आणि त्यानंतर आलेले कागद चालू तारखेला घ्यायचे. जुनी आणि नवी बेरीज एका महिनाअखेरीसकट रोज शेजारी-शेजारी चालवली आणि `EXCEPT` दोन्ही दिशांनी लावून पाहिलं. एकही ओळ वेगळी येत नाही अशी खात्री झाल्यावरच जुनी बंद केली.

आता त्या टप्प्याचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा आहे. दहा तारखेला साडेपाच मिनिटं, अकराला दीड मिनिट, मग पुन्हा हळूहळू वर. त्यामुळे तीन महिन्यांचा सरळ चढ या टप्प्यापुरता निरुपयोगी झाला. एकाच दात्यावर तो नेहमी वाढच दाखवणार. म्हणून इथे मी या महिन्याची दहा तारीख मागच्या महिन्याच्या दहाशी ताडून पाहतो. बाकीच्या टप्प्यांचा चढ दर सोमवारी आपोआप मेलवर येतो, त्यापुढे 'नव्वद मिनिटांना किती दिवस' आणि 'पुढच्या महिनाअखेरीला किती मिनिटं' असे दोन आकडे असतात. उरलेल्या दोन सेकंदांपैकी बहुतेक थकबाकीच्या टप्प्याचे आहेत. तिथे भरून संपलेली बिलंही दर रात्री वाचली जातात, आणि सध्या माझं काम तिथे चालू आहे.