रिकामा फ्लॅट, नोंद पाचवी : ११२ भोकांची खुर्ची

मंडळी, खुर्ची सुरू करतोय असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं, त्याला सात आठवडे झाले. चार दिवसांत होईल असं मला वाटलेलं. हसा खुशाल.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. मी १४ वर्षं मस्कतला होतो. राहायला कंपनीची खोली, आणि तिथल्या पलंगावर, कपाटावर, खुर्चीच्या पाठीवर रंगानं कंपनीचा नंबर. माझ्या पलंगाचा नंबर अजून पाठ आहे. फेब्रुवारीत कोल्हापूरला परत आलो, फुलेवाडीकडच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची किल्ली घेतली आणि ठरवलं की दुकानातून टेम्पो भरून आणायचा नाही. एक जुनी वस्तू आणायची, आपल्या हातानं नीट करायची, ती पुरी झाल्याशिवाय दुसरी आणायची नाही. आत्तापर्यंत मांडणी, खुंटाळं, आरसा आणि टेबल झालं. टेबल आहे पण खुर्ची नाही, त्यामुळं मी उभ्यानं जेवत होतो. त्याचं काही वाटत नव्हतं. पण मे महिन्यात आक्का आली. तिचे गुडघे गेलेत, जमिनीवर बसता येत नाही. टेबलाला टेकून वीस मिनिटं बोलली, चहा उभ्यानंच प्यायली आणि "रिक्षा थांबलीय" म्हणून गेली. गॅलरीतून बघितलं तर रिक्षा-बिक्षा काही नव्हती.

म्हणून पाचवी वस्तू खुर्ची.

भंगारवाल्याकडं सागवानी खुर्च्यांची जोडी मिळाली, जुन्या कचेरीतली असावी. दोन्हींचे मिळून ७०० दिले. एकीची बैठकीची वेताची जाळी फाटून लोंबत होती, दुसरीवर कुणीतरी प्लाय ठोकलेला. पहिली हातात घेतली. लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी चार भोकं दिसली, म्हणजे किडा होता. तो अजून आहे की गेला, हे भोकांवरून कळत नाही, भुकटीवरून कळतं. काळ्या प्लास्टिकवर खुर्ची आठ दिवस न हलवता ठेवली. पिठासारखी भुकटी पडली असती तर आधी औषध, मग बाकीचं. काही पडलं नाही. सांधे उकलून परत चिकटवले, लाखेच्या पॉलिशचे हात दिले. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही.

खरी मजा जाळीत. जुना वेत ब्लेडनं कापून काढला, भोकांत अडकलेले तुकडे ५ मिलिमीटरच्या ड्रिलनं साफ केले आणि मोजली. पुढच्या पट्टीत ३१, मागच्या पट्टीत २५, दोन्ही बाजूंना २६-२६, वर चार कोपरे. एकूण ११२. दोन भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत अर्धा इंच. हे अंतर मोजल्याशिवाय वेत मागवू नका, कारण वेताची रुंदी त्यावर ठरते. अर्ध्या इंचाला सव्वादोन मिलिमीटरची पट्टी लागते, पाऊण इंचाला तीनची. जास्त रुंद घेतलीत तर शेवटच्या फेऱ्यांना भोकात जागाच उरत नाही. अशा एका बैठकीला साधारण अडीचशे फूट पट्टी जाते. एक गोष्ट मी पहिल्यांदा विसरलो होतो: भोकांची आतल्या बाजूची धार कानशीनं किंवा पॉलिश पेपरनं गोल करून घ्या. धारदार राहिली तर तीच वर्षभरात वेत कापते.

खुर्चीला वापरतात ती वेताची साल. एक बाजू चकचकीत, एक मळकट. चकचकीत बाजू वर. दोन्ही बाजू सारख्याच चकाकत असतील तर प्लास्टिक गळ्यात मारलंय समजा. उसाला असतात तशी वेतालाही पेरं असतात, सालीवर त्यांचे बारीक उंचवटे राहतात. नख फिरवलं की एका दिशेनं सरळ जातं, उलट दिशेनं अडकतं. ज्या दिशेनं अडकत नाही त्याच दिशेनं ओढायचं. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवायची, बास. रात्रभर भिजत ठेवली तर काळवंडते आणि मग तुटते.

आता विणीचे थर. पहिला थर मागून पुढं. मागचं तेरावं भोक आणि पुढचं सोळावं, ही दोन मधली. तिथून सुरुवात करून दोन्हीकडं सरकायचं. पुढं सहा भोकं जास्त आहेत, त्यामुळं कडेच्या तीन-तीन ओळी मागच्या पट्टीत न जाता बाजूच्या भोकांत शिरतात. ओळी समांतर राहायला हव्यात, भोकं पुरतात की नाही ते बघायचं नाही. दुसरा थर डावीकडून उजवीकडं, पहिल्यावर नुसता टाकलेला. तिसरा परत मागून पुढं, त्याच भोकांतून, पण पहिल्याच्या शेजारी उजवीकडं सरकवून. चौथ्या थरापासून खरी वीण: आडवी पट्टी तिसऱ्या थराच्या वरून आणि पहिल्याच्या खालून. इथं जाळी लॉक होते. टोकं निसटू नयेत म्हणून भोकात बांबूच्या खुंट्या मारायच्या. मी खराट्याच्या काड्या तासल्या.

मी चौथ्या थरात अडकलो. पहिला थर तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला होता, त्यामुळं पट्टी खाली-वर घालायला जागाच नव्हती. तीन तुटल्या. पॉलिशवाल्याला विचारलं, तो म्हणाला, एक तात्या आहेत, मंगळवार पेठेत राहतात, जन्म गेला खुर्च्या विणण्यात. दिसत नाही त्यांना.

अंधशाळेत हे काम पूर्वी शिकवायचे हे ऐकून होतो. कचेऱ्यांच्या, बँकांच्या खुर्च्या अशाच हातांनी विणलेल्या असायच्या. मी त्यांना स्कूटरवरून आणलं. तिसरा मजला चढून दारात आले, काठी फरशीवर एकदा आपटली आणि थांबले.

"सामान काय न्हाई की रं घरात."

"चार वस्तू आहेत, तात्या."

"त्या भिंतीला लावल्यास. मधी मोकळं हाय." त्यांनी परत काठी आपटली. "भाड्याचं हाय का?"

"स्वतःचं."

"मग असं का?"

मी काही बोललो नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. खुर्ची मांडीवर घेतली, पहिल्या थरावरून तळवा फिरवला. "पयला थर ढिला ठेवायचा. बोट घातलं तर खाली गेलं पायजे. पुढं सहा येळा त्याच्यावर भार येतोय, तो आपसूक ताणतोय." सगळं उसवलं. पहिल्यापासून. पंधरा दिवस वाया गेले म्हणा.

दुसऱ्या वेळी चौथा थर व्यवस्थित बसला. ओला असतानाच आरीनं ढकलून जोड्या जवळ आणल्या, चौकोनी खिडक्या एकसारख्या दिसायला लागल्या. पाचवा थर तिरका. मागच्या कोपऱ्यापासून निघून उभ्या जोडीच्या वरून, आडव्या जोडीच्या खालून जायचं, असं वाचलं होतं, तसंच घातलं. पट्टी पुढं सरकेना. जोर लावला की कडेला कुसळं निघायची. वाटलं वाळलीय, परत भिजवली. तसंच. अकरा ओळी झाल्या तेव्हा तात्या आले. मी विणत होतो, ते भिंतीला टेकून उभे. खुर्चीला हातही लावला नाही.

"उलटं घातलंयस."

"बघितलंत कुठं तुम्ही?"

"करकर ऐकू येतिया की. सरळ गेलं तर सुळकन् जातंय, आवाज न्हाई."

मग माझं बोट धरून त्यांनी एका खिडकीच्या कोपऱ्यावर ठेवलं. आडव्या आणि उभ्या पट्ट्या एकमेकींवरून जातात तिथं कोपऱ्यात एक खाच तयार होते. तिरकी पट्टी बरोबर गेली तर त्या खाचेत घुसते आणि कोपरा तिला सांभाळतो. उलट गेली तर त्याच कोपऱ्याच्या धारेवर घासत राहते, करवतीसारखी. आडवं-उभं पाठ करून उपयोग नाही, कारण तिसरा आणि चौथा थर कुठल्या बाजूला सरकवले त्यावर ते उलटसुलट होतं. माझा तिसरा थर डावीकडं सरकला होता, म्हणून पुस्तकातलं माझ्या खुर्चीला लागू पडेना. दोन ओळी घालून बघायच्या, कुसळ निघालं तर लगेच काढायच्या. अकरा ओळी घालायची मस्ती माझी.

उसवून उलट घातल्या. गेल्या सुळकन्. सहावा थर दुसऱ्या तिरक्या बाजूनं, पाचव्याच्या बरोबर उलट नियमानं. तो झाला की चौकोनांचे अष्टकोन होतात, आणि ते मात्र बघत बसावंसं वाटतं. सातवं काम काठाची रुंद पट्टी: भोकांवरून फिरवायची आणि एकाआड एक भोकातून बारीक वेतानं टाके घ्यायचे.

जुलै होता. धुवाधार पाऊस, खिडकीतून गारवा. विणताना वेत वाळत नाही हा फायदा, पण झाल्यावर वाळायलाही तीन दिवस लागले. ओली खुर्ची कोपऱ्यात सरकवून ठेवू नका, काळे ठिपके येतात आणि जात नाहीत. मी पंख्याखाली उलटी ठेवली. वाळल्यावर बोटानं टिचकी मारली तर ढोलकीसारखी वाजली. पुढं कधी बैठक झोल खायला लागली तर खालच्या मळकट बाजूनं ओलं फडकं थोडा वेळ दाबून धरायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं. वाळताना वेत परत आवळतो. जाळी तुटलेली नसेल तरच, हं.

आक्काला फोन केला. आली. मी खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली होती. ती बसली आणि बैठक कटकट वाजली. चटकन उठून उभी राहिली.

"मोडली का रं?"

तात्यांना फोन लावला. म्हणाले, नवी जाळी आठ दिवस बोलते, बसू दे. आक्का परत बसली, यावेळी सावकाश, दोन्ही हात टेबलावर ठेवून. मी तांबडा-पांढरा केला होता. तिनं दोन वाट्या पांढरा घेतला, भाकरी संपवली. मी आपला नेहमीसारखा टेबलाशी उभा.

"एकच केलीस?" ती म्हणाली. "तू कुठं बसणार?"

दुसऱ्या खुर्चीचा प्लाय काल काढला. ठोकणाऱ्यानं २४ खिळे मारलेत आणि भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय, दगडासारखी घट्ट झाली आहे. जोरात ड्रिल घातलं तर पट्टी उभी चिरते, म्हणून आधी ३ मिलिमीटरचं, मग ५ चं, हातानं फिरवून. ११२ पैकी ३१ मोकळी झाली. मागच्या पट्टीत डावीकडून सातव्या आणि आठव्या भोकामध्ये एक चीर आहे, ती आधीची. आत गोंद सोडून क्लॅम्प लावलाय.