1,740 रुपये, ज्यांना बिल नंबर नव्हता

शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या अकाउंट्समध्ये मी आहे. 2024 च्या दिवाळीत कंपनीनं मिठाईच्या पुड्याऐवजी सगळ्यांना एका मोठ्या चेन स्टोअरचं 5,000 रुपयांचं गिफ्ट कार्ड दिलं. हिशेबाच्या माणसाला त्या कार्डातले पैसे हातात पडायला तेरा महिने लागले.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या सौभाग्यवती कार्ड घेऊन राजारामपुरीतल्या शाखेत गेल्या. कुकर, दोन बेडशीट, ट्रॉली भरली, रांगेत अर्धा तास उभ्या राहिल्या आणि काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, “मॅडम, कार्डात काही नाही.” मागं रांग, पुढं भरलेली ट्रॉली. मला फोन आला तो रागातच. “अहो, तुमच्या कंपनीनं मोकळं कार्ड दिलंय होय?”

मी त्या मुलीला फोन द्यायला सांगितलं आणि मशीनवर नेमकं काय आलंय ते वाचायला लावलं. ती म्हणाली, `Card not activated`. म्हणजे कार्ड मोकळं नव्हतं, अजून चालूच झालेलं नव्हतं. गिफ्ट कार्ड छापून येतं तेव्हा तो नुसता प्लास्टिकचा तुकडा असतो. दुकानात सुटं विकत घेतलं तर बिल करताना कॅशियर त्यावरचा बारकोड स्कॅन करतो, दुकानाच्या संगणकाकडून कार्डाच्या सर्व्हरला निरोप जातो आणि मग त्यात रक्कम पडते. नेट मध्येच गेलं तर बिल होतं, पण कार्ड निजलेलंच राहतं. म्हणून कार्डाबरोबर त्याचं बिलही मागून घ्यावं. भेट म्हणून दिलेलं कार्ड चाललं नाही, तर ज्यानं विकत घेतलं त्याच्याकडच्या बिलाशिवाय दुकान काही करत नाही.

आमचा प्रकार जरा वेगळा होता. कंपन्या घाऊक कार्डं घेतात तेव्हा ती वाटेत चोरीला जाऊ नयेत म्हणून बंदच पाठवतात. पाकीट मिळाल्याचं कळवून कार्डांच्या अनुक्रमांकांची यादी पाठवली की मगच चालू होतात. आमची साठ कार्डं दोन पाकिटांत आली होती. एचआरमधल्या पोरानं एकाच पाकिटाची यादी पाठवली आणि दिवाळीच्या गडबडीत दुसरं त्याच्या ड्रॉवरमधून थेट वाटपात गेलं. भाऊबीज झाल्यावर ऑफिस उघडलं आणि 5 नोव्हेंबरला आमची कार्डं चालू झाली. त्या दिवशी मी दुकानाच्या साईटवर `Balance check` मध्ये जाऊन शिल्लक पाहिली आणि तारीखही पाहिली: 4 नोव्हेंबर 2025. कार्डावर तारीख कुठंच छापलेली नव्हती, नुसतं ‘चालू झाल्यापासून 12 महिने’ एवढंच. मी ती मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाकली. तरी पुढं जे व्हायचं ते झालंच.

पहिली खरेदी बिनबोभाट झाली. कुकर आणि बेडशीटचे 3,260 गेले, बिलाखाली शिल्लक 1,740 छापून आली. एक गोष्ट मात्र मी आधी अटींत वाचून घेतली होती, ती म्हणजे कार्ड थोडंथोडं वापरता येतं की नाही. गिफ्ट कार्डात शिल्लक राहते. पण व्हाउचर म्हणून जे मिळतं, पुष्कळदा सेलच्या बिलाबरोबर, ते बहुतेक एकदाच वापरायचं असतं. 500 च्या व्हाउचरवर 430 ची वस्तू घेतली तर 70 गेले. दोन्ही सारखीच दिसतात, दोन्हींवर आकडे असतात, पण हिशेबाला अगदी वेगळी.

मग वर्षभर ते 1,740 तसेच पडून राहिले. यात दोष माझाच. दुसरी दिवाळी गेली तेव्हा कॅलेंडरनं आठवण दिली आणि 27 ऑक्टोबरला रात्री आम्ही त्याच दुकानाच्या साईटवर इस्त्री मागवायला बसलो. इस्त्री 2,150, घरपोच 49, एकूण 2,199. कार्डाचा नंबर आणि खरवडून काढलेला पिन टाकला. 1,740 वजा झाले, उरलेले 459 यूपीआयनं भरा असं आलं. भरले. फिरतं चक्र आलं, फिरत राहिलं आणि शेवटी ‘पेमेंट अयशस्वी’. बँकेतून 459 गेले होते, दुसऱ्या दिवशी परत आले. कार्डाचेही आले असणार म्हणून पुन्हा ऑर्डर टाकायला गेलो, तर `Insufficient balance`. साईटवर शिल्लक 0.

इथं आत काय होतं ते कळल्यावर माझा पुढचा सगळा पत्रव्यवहार सरळ झाला. एका ऑर्डरसाठी दोन ठिकाणांहून पैसे घ्यायचे तर साईट आधी कार्डातून कापते. कार्डाला ओटीपी नाही, बँक नाही, पिन बरोबर असला की रक्कम लगेच जाते. मग ती यूपीआयकडं वळते. दुसरा हप्ता फसला, तर पहिला उलटा फिरवायचा निरोप साईटनंच कार्डाच्या सर्व्हरला पाठवायचा असतो. तो गेला नाही की ऑर्डरही नाही आणि शिल्लकही नाही. यूपीआयचे पैसे बँकांच्या व्यवस्थेतून परत येतात, त्यांचा कार्डाशी काही संबंध नसतो. ते परत आले म्हणजे सगळं परत आलं, हा माझा समज चुकीचा होता.

कस्टमर केअरला लावला. नंबर कार्डाच्या मागचाच घेतला. गुगलवर शोधून मिळालेल्या नंबरवर पिन सांगून बसलेला एक सहकारी माझ्या शेजारच्या टेबलावर आहे. पहिलं उत्तर आलं, 48 तास थांबा, आपोआप येतील. थांबलो. दुसरं उत्तर आलं ते असं: “सर, तुमचं कार्ड पूर्ण वापरलं गेलंय. सिस्टीममध्ये 1,740 रिडीम दिसतंय.”

खोटं बोलत नव्हती बिचारी. तिच्या पडद्यावर तेच दिसत होतं. पण आमच्या धंद्यात खर्च पडला की समोर त्याची पावती लागते. मी विचारलं, या 1,740 समोर बिल नंबर कुठला आहे? ती शोधत राहिली. खरी खरेदी असती तर रिडीमच्या ओळीला बिल लागलेलं असतं, जसं 3,260 ला होतं. याला काहीच नव्हतं. मग मी फोनवर वाद घालायचा सोडला आणि मेल केला, चारच ओळींचा. कार्डाचे शेवटचे चार आकडे. 27 ऑक्टोबर, रात्री 9 वाजून 42 मिनिटांनी 1,740 रिडीम. ऑर्डर बनली नाही, यूपीआयचे 459 परत आले, त्याचं स्टेटमेंट सोबत. या रिडीमसमोरचा बिल नंबर कळवा, नसेल तर रिडीम रद्द करून शिल्लक परत द्या. पूर्ण कार्ड नंबर लिहिला नाही, पिन तर नाहीच.

या मेलवर फाईल हलली. 6 नोव्हेंबरला मेसेज आला, 1,740 परत जमा. साईटवर पाहिलं तर शिल्लक 1,740 आणि खाली लाल अक्षरांत `Expired`. मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. पैसे आले, पण मेलेल्या कार्डात.

आता माझी एक चूक सांगतो. मी रिझर्व्ह बँकेचा नियम शोधून काढला. गिफ्ट कार्डाला किमान एक वर्ष मुदत हवी आणि धारकानं मागितल्यास ते पुन्हा वैध करून देता येतं, असं त्यात आहे. मोठ्या तोऱ्यात मेल ठोकला. उत्तर थंड आलं, पण बरोबर होतं. तो नियम बँका आणि परवानाधारक कंपन्यांच्या अनेक दुकानांत चालणाऱ्या कार्डांना आहे. एखादं दुकान फक्त आपल्याच दुकानांत वापरायला कार्ड देतं ते या चौकटीत येत नाही, तिथं दुकानाच्या अटी. कार्डाच्या मागं बारीक अक्षरांत ‘जारीकर्ता’ कोण आहे ते वाचलं असतं तर तो मेल मी लिहिलाच नसता.

मेव्हण्याकडं दुसऱ्या प्रकारचं, बँकेचं कार्ड आहे, आणि त्याचा घोळ वेगळाच. महाद्वार रोडला त्यानं 1,180 चं बिल केलं. कार्डात 1,150. मशीननं सरळ नकार दिला, कारण स्वाइप मशीन मागितलेली पूर्ण रक्कम घेतं नाहीतर काहीच घेत नाही. त्याला वाटलं कार्ड बंद पडलं. कॅशियरला “आधी 1,150 चं मारा, 30 रोख देतो” म्हटलं असतं तर तिथंच भागलं असतं.

माझ्याकडं उरला एकच मुद्दा, आणि तो नियमाचा नव्हता, तारखांचा होता. मी कार्ड वापरायला गेलो 27 ऑक्टोबरला, मुदतीच्या आत. त्या रात्रीपासून 6 नोव्हेंबरपर्यंत पैसे त्यांच्या सिस्टीमकडं अडकले होते. तक्रार क्रमांकावरची तारीखही मुदतीच्या आतली. म्हणजे कार्डाचे शेवटचे आठ दिवस त्यांनीच माझ्या हातातून काढून घेतले होते. दुकानानं तरीही ‘मुदत संपलेलं कार्ड पुन्हा चालू करता येत नाही’ हेच छापील वाक्य पाठवलं.

10 नोव्हेंबरला दुपारच्या सुट्टीत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला. मराठीत बोलता आलं. बाईंनी कंपनीचं नाव, रक्कम, तारखा आणि मला काय हवंय ते विचारलं. “पैसे परत हवेत की कार्ड?” मी कार्ड म्हटलं, कारण रोख परत देणार नाही हे दुकानाच्या अटींत आधीपासूनच होतं आणि तिथं भांडून उपयोग नव्हता. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडं पोचवून उत्तर मागते. निकाल हवा तर जिल्हा ग्राहक आयोगाकडं जायचं. 1,740 साठी तिथवर जायची माझी तयारी नव्हती, हेही खरं.

19 नोव्हेंबरला ईमेलनं नवं कार्ड आलं, 1,740 चं, तीन महिने मुदतीचं. सोबत ‘विशेष बाब म्हणून’ असं लिहिलेलं. मी उत्तर दिलं नाही.

इस्त्री मात्र साईटवरून मागवायची नाही असं घरात ठरलं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी राजारामपुरीतच गेलो. किंमत तीच, 2,150, घरपोचचे 49 वाचले. मी काउंटरवर म्हटलं, “आधी 410 यूपीआयनं घ्या, ते जमा झाल्यावर कार्ड लावा.” पोरगं हसलं, “उलटंच सांगताय काका.” सौ. म्हणाल्या, “त्यांना उलटंच करू दे.” 410 जमा झाले, मग 1,740 गेले, बिलाखाली शिल्लक 0 छापून आली. इस्त्रीचं खोकं सौ.नी घेतलं आणि मी बिलाचा फोटो काढला. त्या थर्मल कागदावरची अक्षरं हळूहळू उडतात.