आमची वाटचाल : अक्षराची उंची शिरोरेघेपासून मोजताना

आमचा फलक तयार करण्याचा व्यवसाय वडिलांनी कराडमध्ये सुरू केला, तेव्हा त्यांच्याकडे केसांचे चार कुंचले, ऑइलपेंटचे डबे आणि खडूच्या पुडीत घोळवलेली एक सुती दोरी एवढेच सामान होते. ती दोरी ताणून पत्र्यावर एक टिचकी मारली की सरळ रेघ उमटे, आणि अण्णा प्रत्येक ओळीसाठी अशा चार रेघा मारत. वरची रेघ वेलांटी-मात्रांसाठी, दुसरी शिरोरेघेची, तिसरी अक्षराच्या पायाची आणि चौथी उकारांसाठी असे. अक्षर किती मोठे, असे कोणी विचारले तर ते दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेमधले अंतर सांगत; त्याला ते ‘अक्षराचे अंग’ म्हणत. पुढे फ्लेक्स आले, मग ॲल्युमिनियमच्या थरांचे एसीपी पत्रे आणि एलईडीची उठावदार अक्षरे आली, आणि संगणकावर काम करू लागल्यावर ही चार रेघांची सवय आमच्या हातून सुटली. ती आम्हाला पुन्हा धरावी लागली, ती एका नव्या सुपरमार्केटच्या कामामुळे.

आमच्याकडे आलेले हे पहिलेच काम असे होते, ज्यात नामफलकापासून आतल्या शेवटच्या मांडणीपर्यंतचे सगळे फलक मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत हवे होते. बाजारपेठेत दोन पिढ्या किराणा दुकान चालवणाऱ्या एका कुटुंबाने सुमारे सहा हजार चौरस फुटांचे सुपरमार्केट उभारायचे ठरवले होते. त्यांच्या वास्तुरचनाकाराने दिलेल्या आराखड्यात नामफलक २४ फूट लांब आणि ४ फूट उंच होता, त्यावर मराठी नाव वर आणि इंग्रजी नाव खाली होते, आणि दोन्ही ओळींना एकच पॉइंट आकार दिलेला होता. वास्तुरचनाकारांचे म्हणणे असे होते की, आकार समान असल्यामुळे कायद्याची अट आपोआप पूर्ण होते.

ही अट २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने स्पष्ट केली आहे. नामफलकावर देवनागरी लिपीतील मराठी मजकूर सुरुवातीला असला पाहिजे आणि मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानेही आता यातून सुटत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतील दुकानदारांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिल्यानंतर आमच्या भागातही चौकशी वाढली होती. त्यामुळे ‘आकार’ म्हणजे नेमके काय मोजायचे, हा आमच्यासाठी व्यवहाराचा प्रश्न होता.

मी आराखडा पूर्ण मापात छापून घेतला आणि पट्टी लावली. इंग्रजी नाव सगळे कॅपिटल अक्षरांत होते आणि त्यांची उंची १६ इंच भरली. मराठी अक्षराचे अंग, म्हणजे शिरोरेघेपासून पायापर्यंतचे अंतर, १३ इंचच भरले. याचे कारण फॉन्टच्या रचनेत आहे. पॉइंट आकार ही अक्षराची उंची नसून अक्षर ज्या चौकटीत बसते त्या चौकटीची उंची असते. देवनागरीत त्याच चौकटीत वरच्या वेलांट्या, मात्रा, रफार आणि खालचे उकार यांनाही जागा द्यावी लागते, म्हणून मूळ अक्षराच्या वाट्याला कमी उंची येते. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना वर-खाली काहीच लागत नसल्यामुळे ती त्याच आकारात मोठी दिसतात. सॉफ्टवेअरमधला आकडा समान असला, तरी रस्त्यावरून पाहणाऱ्याला मराठी लहानच दिसणार होती, आणि माझ्या मते कायद्याचा हेतूही डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराशीच आहे.

मग आम्ही अण्णांच्या चार रेघांकडे वळलो. ४८ इंचांच्या उंचीत वर-खाली पाच-पाच इंच समास सोडला. मराठी अक्षराचे अंग १६ इंच, वरच्या मात्रांसाठी ५ आणि उकारांसाठी ४ असे २५ इंच मराठी ओळीला दिले. त्याखाली पाच इंच मोकळी जागा आणि मग ८ इंच उंचीची इंग्रजी ओळ ठेवली. म्हणजे इंग्रजी मराठीच्या बरोबर निम्मी झाली. वास्तुरचनाकारांना दोन्ही ओळी सारख्याच वजनाच्या हव्या होत्या, परंतु समान वजनाच्या दोन ओळींपैकी आधी कोणती वाचायची, हे डोळ्याला ठरवता येत नाही. दोन्ही नमुने समोरच्या फुटपाथवरून दाखवल्यावर मालक काकांनी निम्म्या इंग्रजीचा नमुना निवडला.

एलईडीच्या अक्षरांत देवनागरीची एक सोय आहे आणि एक अडचणही. शिरोरेघेमुळे संपूर्ण शब्द एकसंध राहतो, त्यामुळे इंग्रजीप्रमाणे प्रत्येक अक्षर वेगळे बसवून रांगेत आणावे लागत नाही. मात्र ॲक्रिलिकचा पत्रा ८ फूट लांबीचा मिळतो आणि आमचा एक शब्दच ११ फुटांचा होता. जोड मोकळ्या शिरोरेघेत घेतला असता, तर रात्री तिथे प्रकाशाची आडवी रेघ तुटलेली दिसली असती. म्हणून तो कान्याच्या उभ्या दंडाला लागून घेतला, जिथे नजर मुळातच थांबते.

खरी कसोटी आतल्या फलकांची होती. कायद्याची ही अट नामफलकाची असल्यामुळे आत कोणती भाषा पुढे ठेवायची, हे आम्हालाच ठरवायचे होते. कराडला वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालये असल्यामुळे बाहेरच्या राज्यांतून आलेले विद्यार्थी येथे खरेदी करतात आणि त्यांच्यातील काहींना देवनागरी वाचता येत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. तरीही रोजचे बहुसंख्य ग्राहक गावातले आणि आसपासच्या खेड्यांतले होते, आणि लांबून दिशा शोधण्याची गरज त्यांनाच, विशेषतः वयस्कर माणसांना, अधिक होती. म्हणून लांबून वाचायची ओळ मराठी आणि जवळ आल्यावर खात्री करून घेण्याची ओळ इंग्रजी, असे आम्ही ठरवले.

या निर्णयावरूनच मापे निघाली. इंग्रजी कॅपिटल अक्षरांसाठी आमच्या धंद्यात दहा फुटांना एक इंच असा ठोकताळा वापरतात. सुपरमार्केटमधला मुख्य मार्ग ४० फुटांचा होता, म्हणजे ४ इंच पुरायला हवेत. देवनागरीत जोडाक्षरांच्या आतल्या पोकळ्या लहान असतात, म्हणून आम्ही मराठीचे अंग ४॥ इंच केले. इंग्रजी २। इंच ठेवली, तेवढी वीस-बावीस फुटांवरून आरामात वाचता येते, म्हणजे निम्मे अंतर चालून आल्यावर ती ओळ उपयोगी पडते. मात्रा, उकार, मोकळी जागा आणि समास धरून प्रत्येक टांगता फलक १४ इंच उंच झाला. कागदी नमुने दोरीला बांधून आम्ही मालकांच्या आईंना आणि त्यांच्या दोन शेजारणींना ४० फुटांवरून वाचायला सांगितले.

तिथेच आमची चूक सापडली. लांबून ठसठशीत दिसावे म्हणून मी सर्वांत जाड वळणाचा फॉन्ट घेतला होता. ‘भाजीपाला’ ही पाटी आईंनी क्षणभर थांबून ‘माजीपाला’ अशी वाचली आणि ‘धान्य’ शब्दातला ध त्यांना घ वाटला. मराठीत भ आणि म, ध आणि घ यांच्यातला मोठा फरक शिरोरेघेतल्या एका खंडात असतो. अक्षर जाड केले की हा खंड अरुंद होतो, आणि मागून प्रकाश टाकला की उजेड पसरून तो जवळजवळ बुजतो. इंग्रजीतही जाड अक्षरे गर्दी करतात, पण तिथे शब्द असा बदलत नाही. आम्ही मध्यम जाडीचे वळण घेतले, खंड किमान अक्षराच्या उभ्या रेघेइतका रुंद राहील असे ते अक्षर हाताने सुधारले, आणि आतले फलक मागून उजळण्याऐवजी समोरून प्रकाश पडेल असे टांगले. तेव्हापासून कोणताही मराठी फलक कापायला देण्यापूर्वी आम्ही त्याचे चित्र मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढे करून पाहतो. त्या आकारात भ आणि ध ओळखू आले, तरच काम पुढे जाते.

अनुस्वाराचेही तसेच झाले. ‘तांदूळ’ शब्दावरचा टिंब फॉन्टमध्ये जितका होता, तितका कापला तर त्याचा व्यास अक्षराच्या रेघेपेक्षाही कमी भरला, आणि सुटा तुकडा असल्यामुळे चिकटवताना त्याची जागाही हलली. आता अनुस्वार रेघेच्या सव्वापट व्यासाचा करतो आणि त्याची जागा छिद्र पाडूनच निश्चित करतो. शिवाय मजकूर युनिकोडमध्येच टंकित करून त्याची भाषा मराठी निवडतो, कारण तसे न केल्यास अनेक फॉन्टमध्ये लसणाचा ल आणि शेंगदाण्याचा श हिंदी वळणाने येतात.

शब्दांच्या बाबतीत इंग्रजी यादीवरून मराठी करण्याची आमची पहिली पद्धत आम्ही सोडून दिली. त्या यादीत ‘पल्सेस’ असा एकच शब्द होता, पण घरातली बाई डाळ शोधते तेव्हा मूग-मटकी शोधत नसते. म्हणून पाटी ‘डाळी व कडधान्ये’ अशी केली आणि मांडणीतही दोन्ही वेगवेगळे ठेवायला सांगितले. ‘उपवासाचे पदार्थ’ हा विभाग तर इंग्रजी यादीत नव्हताच. तो मालकांच्या आईंनी सुचवला, आणि साबुदाणा, वरी, राजगिरा, शेंगदाणे एका जागी आले. उलट ‘देयक कक्ष’ हा आमच्या मसुद्यातला शब्द त्यांनी लगेच खोडला. तिथे ‘बिल काउंटर’ लिहिले, कारण ग्राहक तेच विचारतो. शाम्पू, पास्ता, ओट्स हे शब्द देवनागरीत जसेच्या तसे ठेवले.

एकाच ठिकाणी आम्ही कोणत्याही भाषेला पुढे ठेवले नाही. आपत्कालीन दरवाजावर धावणाऱ्या माणसाचे हिरवे चिन्ह सर्वांत मोठे आहे आणि त्याच्या खाली दोन्ही ओळी सारख्या उंचीच्या आहेत. धुरात किंवा धावपळीत माणूस वाचत बसत नाही आणि तिथे कोण कोणत्या भाषेचा असेल, हे गृहीत धरता येत नाही.

दुकान उघडल्यानंतर तीन महिन्यांनी मी तिथल्या कामगारांना विचारले की, लोक अजूनही काय शोधत येतात. महाविद्यालयाचे विद्यार्थी ‘पिठे व रवा’ या फलकाखाली उभे राहून मैदा कुठे आहे असे विचारत होते, कारण मैद्याचे नाव कोणत्याच ओळीत नव्हते. आम्ही तो फलक उतरवून मराठीत ‘पीठ, रवा, मैदा’ असे केले. ओळ लांबल्यामुळे अक्षराचे अंग ४॥ ऐवजी ४ इंच करावे लागेल, असे माझ्या सहकाऱ्याने सुचवले, पण बाकीच्या फलकांच्या रांगेत तो एकच बारीक दिसला असता. म्हणून पत्राच एक फूट जास्त लांब घेतला आणि उंची तीच ठेवली.