आमची वाटचाल : खंडानंतरची ओळख लिहिताना

आमच्या संस्थेचे काम सुरुवातीला बायोडेटा नीटनेटका मांडून देण्यापुरते होते. मजकूर ग्राहकाचा आणि मांडणी आमची, अशी सरळ वाटणी होती. परंतु अनेक वर्षांच्या खंडानंतर पुन्हा कामाकडे वळणारी माणसे येऊ लागली, तेव्हा ही वाटणी टिकेना, कारण त्यांची अडचण मांडणीची नव्हतीच. सांगण्यासारखे त्यांच्याकडे भरपूर होते. त्यातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरत नव्हते. आज आमचे बहुतेक काम या निवडीचेच आहे, आणि ते एका उदाहरणावरून सांगणे सोपे जाईल.

लेखापरीक्षणाचे काम २०१४ मध्ये सोडून २०२३ मध्ये परत येऊ पाहणाऱ्या एक बाई आमच्याकडे आल्या. त्यांनी लिहून आणलेल्या परिचयाची सुरुवातच वडिलांच्या आजारपणाने होत होती : निदान, उपचार, जागरणे, आणि अखेरीस ‘यातून मी संयम शिकले’ हे वाक्य. त्यात खोटे काहीच नव्हते. मात्र परिचय वाचणाऱ्याला आपले काम या व्यक्तीला आज जमेल का, एवढेच जाणून घ्यायचे असते आणि त्याचे उत्तर तिथे सापडत नव्हते. शिवाय आजार वडिलांचा होता. दुसऱ्याच्या प्रकृतीचा तपशील, मग ती व्यक्ती कितीही जवळची असो, आपल्या व्यावसायिक ओळखीत घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग आम्ही त्यांचे जुने काम उलगडून पाहिले. दुकानांच्या साखळ्या चालवणाऱ्या कंपन्यांचे लेखापरीक्षण त्यांनी केले होते, आणि अशा कंपन्यांच्या हिशेबात भाडेकरारांना मोठे स्थान असते. नेमका याच विषयाचा नियम मध्यंतरी बदलला होता. आयएफआरएस १६ हे लेखामानक १ जानेवारी २०१९ पासून लागू झाले आणि पूर्वी केवळ भाड्याचा खर्च म्हणून दाखवले जाणारे बहुतेक करार भाडेकरू कंपनीच्या ताळेबंदात, एका बाजूला वापराचा हक्क आणि दुसऱ्या बाजूला देणे म्हणून, येऊ लागले. बाईंनी हे मानक वाचले होते, पण ‘नुसते वाचले आहे, काम कुठे केले’ असे म्हणून त्यांनी त्याचा उल्लेखच टाळला होता. एक काल्पनिक करार घेऊन सुरुवातीचे देणे, दरवर्षीचे व्याज आणि घसारा यांचे गणित पूर्ण मांडावे, असे आम्ही सुचवले. देणे जास्त असताना व्याजही जास्त लागते, त्यामुळे भाडे दरवर्षी सारखेच असले तरी पहिल्या वर्षांत खर्च त्याहून अधिक दिसतो, हे त्यांनी त्या टिपणात नेमकेपणाने लिहिले.

अखेरचा परिचय असा झाला : ‘भाडेकरारांवर चालणाऱ्या किरकोळ विक्री कंपन्यांचे लेखापरीक्षण हा माझा विषय आहे. २०१४ ते २०२३ या काळात कौटुंबिक जबाबदारीसाठी पूर्णवेळ कामातून विराम घेतला होता. आयएफआरएस १६ नुसार केलेले नमुना-गणित सोबत जोडले आहे.’ हाताखालच्या माणसांची संख्या आणि आता वापरात नसलेल्या संगणक प्रणालींची नावे गाळली. खंडाच्या काळात त्या एका विश्वस्त संस्थेचे हिशेब पाहत असत, ते मात्र ‘विनामूल्य’ या शब्दासह जसेच्या तसे ठेवले. घर सांभाळण्याला एखादे भारदस्त पदनाम देण्याची टूम आम्हाला कधीच पटली नाही; वाचणारा तिथेच थबकतो आणि बाकीच्या मजकुराकडेही संशयाने पाहू लागतो.

गाळण्यालाही मर्यादा आहेत. कारणाचा तपशील गाळता येतो, तारखा नाही. केवळ कौशल्यांची यादी देऊन वर्षे झाकणारा बायोडेटा अनुभवी भरती अधिकारी लगेच ओळखतो, आणि जुन्या नोकरीच्या तारखा पडताळणीत उघड होतातच. व्यवसायाचा परवाना किंवा सदस्यत्व मधल्या काळात संपले असेल, तर तेही सांगावे लागते. लिंक्डइनने २०२२ मध्ये करिअरमधील खंड नोंदवण्याची स्वतंत्र सोय केली, तिचा आम्ही उपयोग करतो, पण तिथली वर्षे बायोडेटाशी जुळली पाहिजेत. तारखा बदलून मागणाऱ्यांचे काम आम्ही घेत नाही.

निवड साधली की नाही, हे पहिल्या दोन-तीन मुलाखतींत कळते. खंडाबद्दल एक प्रश्न येऊन बोलणे कामाकडे वळले, तर मजकूर तसाच ठेवतो. त्याच विषयावर एकामागून एक प्रश्न येत राहिले, तर एक तर आपण जास्त सांगितलेले असते किंवा काहीतरी अर्धवट सोडलेले असते. या बाईंना पहिल्याच मुलाखतीत कराराची मुदत वाढली तर देण्याची फेरमोजणी कशी कराल, असे विचारले गेले. त्यानंतर आम्ही त्यांच्या टिपणात फेरमोजणीचा एक परिच्छेद वाढवला आणि परिचयाला हात लावला नाही.