ग्राइंडर पॅक, पुढचा भाग: मधला ग्रुपच का मरतो ते सापडलं

मंडळी, सापडलं एकदाचं! मागच्या अपडेटमध्ये तो फॅब्रिकेशनवाल्या मित्राचा बॅटरी पॅक अडकला होता ना, १८ व्होल्टचा ५एस२पी, म्हणजे दोन-दोन सेल पॅरललमध्ये असे पाच ग्रुप सिरीजमध्ये, चार इंची ब्रशलेस ग्राइंडरवरचा, तो का मेला ते आता नीट कळलंय, आणि वेल्डिंग, पॅक सांभाळणारं बीएमएस सर्किट वगैरे ज्यांच्यावर आपण सगळ्यांनी संशय घेतला होता ते सगळे निर्दोष आहेत.

नवीन वाचणाऱ्यांसाठी एवढंच की ओरिजिनल पॅकमध्ये सॅमसंगचे २५आर लिथियम सेल होते, २५०० एमएएच आणि कंटिन्युअस २० अँपिअरवाले. ते जुने झाल्यावर एका रिपेअरवाल्याने दोन पॅक एकदमच बदलून दिले आणि आत सॅमसंगचेच ३०क्यू, ३००० एमएएचवाले, टाकले. पाच एएचचा पॅक सहा एएच झाला म्हणून मित्र खूश. पण ३०क्यूचं कंटिन्युअस रेटिंग १५ अँपिअर आहे. त्याच साइजच्या डब्यात जास्त एएच बसवायचे तर फॉइलवरचा लेप जाड करावा लागतो, मग तेवढ्याच जागेत गुंडाळी लांबीला कमी बसते, करंटला वाट कमी मिळते आणि रेझिस्टन्स वाढतो. कपॅसिटी आणि करंट दोन्ही एकदम वाढवून मिळत नाही, निदान एकाच पिढीच्या सेलमध्ये तरी नाही. दोन्ही पॅक एका सीझनमध्येच रडायला लागले, एक पूर्ण गेला आणि दुसरा अजून कसाबसा चालतोय. (तो जिवंत आहे हे फार बरं झालं, पुढे कळेलच.)

डोकं कशाने फिरत होतं तर कपॅसिटी टेस्टने. मेलेल्या पॅकमधले सगळे सेल सुटे करून १ अँपिअरवर डिस्चार्ज केले तर कडेचे व्यवस्थित आणि मधल्या, म्हणजे तिसऱ्या ग्रुपचे सुद्धा २६०० एमएएचच्या पुढे. हे काय मेलेले सेल म्हणायचे का? पण ग्राइंडरला लावून डिस्क पाइपवर टेकवली की दोन सेकंदात बंद. मग लोडवर १५ अँपिअर लावले, कटऑफ २.८ व्होल्ट ठेवला, आणि मधल्या ग्रुपचा एक सेल जेमतेम दीड हजार देऊन आडवा झाला. म्हणजे साठा शिल्लक आहे पण तो जोरात बाहेर काढता येत नाही. डीसी रेझिस्टन्स काढला (५ वरून १५ अँपिअरवर उडी मारायची, व्होल्टेज किती पडलं ते १० ने भागायचं) तर कडेचे सेल २६ मिलिओहमच्या आसपास आणि मधले दोघे ३८ आणि ५७. ज्यांना अजून पॉवर टूलचे सेल १ अँपिअरच्या टेस्टवर पास-नापास करायची सवय आहे त्यांनी ती सोडा राव, त्या टेस्टने टॉर्चचा सेल निवडता येतो, ग्राइंडरचा नाही. चार वायरचा वायआर१०३५ रेझिस्टन्स मीटर घेतला तो यासाठी खरंच वसूल झाला, पण तो एक किलोहर्ट्झचा एसी आकडा देतो, फरक दाखवतो तितकाच, खरा सॅग, म्हणजे लोडवर व्होल्टेज किती खाली बसतं, ते डीसीवरच कळतं.

आता मधलाच ग्रुप का? पहिली शंका निकेल पट्टीवर होती, पण सगळे जॉइंट चार वायरने मोजले, कुठेच फरक नाही. मग जिवंत पॅक उघडला, तिसऱ्या ग्रुपच्या दोन सेलमध्ये कॅप्टॉन टेपखाली के टाइप थर्मोकपल, दुसरं कडेच्या सेलवर, वायर काढण्यापुरती खाच पाडून खोका परत बंद. पॅक आणि टूलच्या मध्ये जाड सिलिकॉन वायरचा अडॅप्टर, त्यावर करंट मोजायला डीसी क्लँप मीटर. मित्राच्या शेडमध्येच बसलो, त्याला म्हटलं तू नेहमीसारखं काम कर, मी फक्त बघतो.

४० एमएमचा चौकोनी पाइप नीट हाताने कापताना ३४ अँपिअरच्या आसपास, आणि घाईत दाबला की सरळ ५०. दोन पॅरललमध्ये म्हणजे प्रत्येक सेलला १७ आणि २५. थोडक्यात ३०क्यूवर नेहमीचं काम सुद्धा रेटिंगच्या वरच चाललंय, तर २५आरवर नेहमीचं काम आत होतं आणि फक्त दाबलं की बाहेर जात होतं. दोघांत फरक दिसायला छोटा आहे पण उष्णता I²R ने जाते. २४ मिलिओहमचा बऱ्यापैकी नवा सेल धरला तर १७ अँपिअरला ७ वॉट, २५ अँपिअरला १५ वॉट. सेलचं वजन साधारण ४६-४७ ग्रॅम, एक डिग्री चढायला त्याला अंदाजे ४५ ज्यूल लागतात, म्हणजे १५ वॉटवर तीन सेकंदाला एक डिग्री. अर्ध्या मिनिटाचा एक दाबलेला कट म्हणजे १० डिग्री! आणि हे उतरायला बंद प्लॅस्टिकच्या खोक्यात बराच वेळ लागतो, मित्र तोवर पुढचा पाइप लावून मोकळा.

लागोपाठ कट मारल्यावर कडेचा सेल ५२ डिग्री आणि मधला ७४. बीएमएसचा तापमान बघणारा थर्मिस्टर कुठे चिकटवलाय? कडेच्या सेलवर! त्याच्या दृष्टीने पॅक मस्त चाललाय. मला हे दिसल्यावर खुर्चीतून उठलोच मी. डेटाशीटमध्ये डिस्चार्जला पृष्ठभागाची कमाल मर्यादा ७५ डिग्री आणि परत डिस्चार्ज सुरू करायला ६० च्या खाली यायला सांगितलंय, आणि आपण मोजतोय तो डब्याचा पत्रा, गुंडाळीच्या गाभ्यात याहून जास्तच असणार.

आणि एकदा एक सेल मागे पडायला लागला की पुढचं आपोआप होतं. त्या ३८ आणि ५७ वाल्या जोडीत ३४ अँपिअर वाटून बघा, चांगल्याला २० च्या वर आणि वाईटाला साडेतेरा. म्हणजे जो अजून धड आहे त्याच्यावरच जास्त ओझं, तो तापतो, त्याचा रेझिस्टन्स वाढतो. शिवाय दाबल्यावर ५० अँपिअरला त्या ग्रुपचा सॅग १.१ व्होल्टच्या पुढे आणि कडेच्या ग्रुपचा ०.६५. सेल ३.५ व्होल्टला असताना कडेचे २.८ वर उभे आहेत आणि मधला २.४ च्या खाली, बीएमएस बंद. म्हणून टूल दोन सेकंदात मरत होतं, बाकी चार ग्रुपमध्ये बऱ्यापैकी चार्ज शिल्लक असताना!

आत नेमकं काय बिघडतं ते थोडं लिहितो, कारण मागच्या कमेंटमध्ये बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की तापलं तर तापलं, थंड झालं की परत ठीक. तसं नाही होत. सेलच्या निगेटिव्ह बाजूच्या ग्राफाइटवर जो एसईआयचा पातळ थर असतो तो गरम असताना भराभर जाड होतो, त्यात चालतं-फिरतं लिथियम कायमचं अडकतं आणि वाट अरुंद होते. कॅथोडच्या बाजूलाही इलेक्ट्रोलाइट कुजतो. ढोबळ नियम असा की दर १० डिग्रीला या बाजूच्या रिअॅक्शन साधारण दुप्पट. जास्त करंटला आणखी एक, कणांच्या पृष्ठभागावरचं आणि पोटातलं लिथियम एकसारखं हलत नाही, ताण येतो, कणांना तडे जातात आणि प्रत्येक नव्या तड्यावर परत नवीन थर. यातलं काहीच थंड झाल्यावर मागे फिरत नाही.

आणि रेटिंगच्या आत राहिलं म्हणजे सेल अमर असं पण नाही हां. २५आरची डेटाशीट काढून बघा, २० अँपिअरच्या पुढे लिहिलंय २५ डिग्रीला, २५० सायकलनंतर ६० टक्के. म्हणजे कंपनी सांगतेय की लॅबमध्ये एवढ्या करंटला चालवलात तर अडीचशे सायकलनंतर दीड हजार एमएएच उरतील, हा आमचा शब्द. ३०क्यूचं तेच, फक्त १५ अँपिअरला. तो आकडा सहन होण्याची हद्द नसून एका ठराविक आयुष्याचा भाव आहे, त्याच्यावर गेलात की तो भाव लागू नाही.

त्यात २५ डिग्री आपल्याकडे कुठली? मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४२ सहज. ६० च्या आत राहायचं तर लॅबमध्ये चढायला ३५ डिग्री आहेत, शेडमध्ये १८. उष्णता करंटच्या वर्गाने जाते म्हणून १८ ला ३५ ने भागून वर्गमूळ काढलं, ०.७२. म्हणजे १५ चा सेल मे महिन्यात ११ चा समजा, ते सुद्धा मोकळ्या हवेत एकटा असेल तर. मधल्या ग्रुपला मी अजून कमी धरतो. ढोबळ हिशोब आहे, पण थर्मोकपलशी जुळतोय.

आता पुढचं. ठरवलं होतं की परत २५आर टाकून मोकळं व्हायचं, पण हे आकडे बघून मोलिसेल पी२८ए मागवलेत, २८०० एमएएच आणि ३५ अँपिअर, पॅक ५.६ एएचचा होईल आणि दाबल्यावरचे २५ सुद्धा रेटिंगच्या आत. महाग आहेत पण बिल देणाऱ्या आणि लॉट नंबर दिसू देणाऱ्या माणसाकडूनच घेतले. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागे ४० अँपिअर छापलेले सेल आले होते, तो आकडा कुठल्यातरी काही सेकंदांच्या पल्सचा असावा, कंटिन्युअसला निम्म्यातच हात पोळत होता. रॅपवरच्या आकड्यापुढे कंटिन्युअस की पल्स आणि किती तापमानाला कटऑफ हे लिहिलेलं नसेल तर मी तो आकडा वाचतच नाही.

निकेल पट्टी पण बदलतोय. ०.१५ची आठ एमएमची पट्टी एकेरी ५० अँपिअरला चालणार नाही, ती स्वतःच हीटर होते आणि ती उष्णता थेट सेलच्या टोकात जाते. सिरीजच्या जोडांवर खाली तांबं वर निकेल असं सँडविच, माझा वेल्डर ०.१ च्या तांब्याला पकडतो, आधी भंगार सेलवर ट्राय केलं, पट्टी ओढल्यावर निकेल फाटलं पण टाका सुटला नाही. फार समाधान झालं ते बघून!

थर्मिस्टर कडेवरून काढून मधल्या ग्रुपमध्ये. वायर तेवढी पुरत नाही, वाढवावी लागेल.

लिहिता लिहिता अजून एक सुचलं. मधल्या ग्रुपची उष्णता कडेला न्यायला दोन रांगांच्या मध्ये पातळ अॅल्युमिनियमची पट्टी, दोन्ही बाजूंनी इन्सुलेशनचा बार्ली पेपर आणि कॅप्टॉन लावून, टाकली तर? जागा दीड एमएम आहे. इन्सुलेशन घासून गेलं तर सरळ शॉर्ट, ग्राइंडर थरथरतो पण भरपूर, म्हणून धातू नको वाटतंय, थर्मल पॅड टाकून बघतो आधी. म्हणजे सेल आले तरी वेल्डिंग लगेच नाही करत, पहिल्यांदा जुन्याच सुट्या सेलवर पॅडसकट आणि पॅडशिवाय तापमान घेतो, मग बांधणी.

कोणी २१७०० साइजच्या मोठ्या सेलचा ५एस१पी, म्हणजे एकेकच सेल सिरीजमध्ये, पी४२ए वगैरे, ग्राइंडरवर वापरत असेल तर मधल्या सेलचं तापमान आणि क्लँपचा आकडा दोन्ही टाका. ४५ अँपिअरचा एकच सेल ५० ला किती वेळ टिकतो ते मला बघायचंय, कारण मित्राचा दुसरा पॅक पण जास्त दिवस काढेल असं वाटत नाही.