किल्ली ऐकवायची, नाव नाही

आज पॉडकास्टच्या नव्या सीझनच्या ट्रेलरची स्क्रिप्ट लिहायला घेतली. सहा भाग आहेत, विषय एका गोदामाला लागलेली आग. ट्रेलर ९० सेकंदांचा. मिनिटाला सव्वाशे शब्द धरले तरी निम्मा वेळ क्लिप आणि संगीतात जातो, म्हणजे निवेदनाला जेमतेम ९० शब्द उरतात. एवढ्यात सहाही भागांची ओळख करून द्यायला गेलं की ट्रेलरची अनुक्रमणिका होते. मग ऐकणाऱ्याला सगळे विषय कळतात, पण पुढे ऐकावंसं वाटत नाही.

पहिलं वाक्य सुचलं ते असं: 'त्या रात्री असं काही घडलं, ज्याने सगळं बदललं.' खोडलं. हे वाक्य कुठल्याही पॉडकास्टला चालेल. सगळंच झाकून ठेवलं तर उत्सुकता वाटायला काही हाताला लागत नाही. प्रश्न पूर्ण उघड करायचा आणि फक्त उत्तर राखून ठेवायचं. म्हणून आता सुरुवात अशी: 'रात्री दोन वाजता गोदामाला आग लागली. दाराला कुलूप बाहेरून होतं.' हे दोन्ही तपशील पहिल्याच भागात येतात, त्यामुळे ते इथे खर्च करायला हरकत नाही. पहिल्या भागाअखेर जे कळणार आहे तेवढंच निवेदनात घ्यायचं, ही मर्यादा मला फार उपयोगी वाटते.

पुढच्या भागांतून फक्त क्लिप घ्यायची. चौथ्या भागात पहारेकरी म्हणतो, 'किल्ली एकाच माणसाकडे असायची. मॅनेजरकडे.' पहिल्या वाक्यानंतर कापलं, की काम झालं. मात्र कापताना आवाजाची पट्टी ऐकायला हवी. 'असायची' म्हणताना त्याचा सूर खाली येतो, म्हणून वाक्य तिथे संपल्यासारखं वाटतं. सूर वर असताना कापलं असतं तर तुकडा तोडल्याचं लगेच कळलं असतं. क्लिपनंतर सेकंदभर संगीतही नको.

एक मोह टाळला. पाचव्या भागात एक बाई रडतात. तो आवाज ऐकून कोणीही थबकेल, पण त्यांचा आगीशी संबंध वेगळाच आहे. ती क्लिप कुलपाशेजारी ठेवली तर ऐकणारा भलताच अर्थ लावेल आणि पाचव्या भागात त्याला फसवल्यासारखं वाटेल. माहिती राखून ठेवणं चालतं, चुकीची समजूत करून देणं नाही.

शेवटी नाव, पहिल्या भागाची तारीख, बस्स. मग विषय माहीत नसलेल्या कोणाला तरी स्क्रिप्ट वाचून दाखवायची आणि विचारायचं, काय जाणून घ्यावंसं वाटतं? 'किल्ली कोणाकडे होती?' आलं तर ठीक. 'हे नेमकं कशाबद्दल आहे?' आलं तर पहिली दोन वाक्यं पुन्हा लिहायची. 'मॅनेजरनेच केलं ना?' आलं तर क्लिप बदलायची.

फीडमध्ये टाकताना भागाचा प्रकार ट्रेलर निवडायचा, नाहीतर तो साध्या भागासारखा यादीत जाऊन बसतो; आणि सीझनचा क्रमांकही भरायचा:

```
<itunes:episodeType>trailer</itunes:episodeType>
<itunes:season>2</itunes:season>
```