आमची वाटचाल : दोन वर्षांतले गणपतीचे आठवडे जुळवताना

साताऱ्याजवळ आमचा मिठाई आणि फराळाचा छोटा कारखाना आहे. वडिलांनी तो दोन कढया आणि एका भट्टीवर सुरू केला. आज आमच्याकडे अकरा माणसे काम करतात आणि आमचा माल स्वतःच्या दुकानाबरोबर आसपासच्या काही दुकानांतही जातो. वडील रोजची विक्री लाल वहीत लिहीत आणि तारखेशेजारी न चुकता तिथी आणि वार नोंदवीत. मी कारभार हाती घेतल्यावर संगणकावर हिशेब सुरू केला, त्यात तारीख ठेवली आणि तिथीचा रकाना अनावश्यक समजून काढून टाकला. या लेखात मला प्रामुख्याने त्या रकान्याबद्दल लिहायचे आहे.

दर सोमवारी सकाळी मी सरलेल्या आठवड्याची विक्री मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहते आणि त्यावरून पुढच्या आठवड्याचा खवा, साखर आणि तूप मागवते. सण तारखेने सरकतो हे आमच्या धंद्यात लहान मुलालाही ठाऊक असते. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली. त्यामुळे सप्टेंबरचा पहिला आठवडा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याशी ताडण्याची चूक मी कधीच केली नाही. मी गणपतीचा आठवडा गणपतीच्या आठवड्याशीच जुळवत असे आणि तेवढ्याने काम झाले असे मानत असे.

१ सप्टेंबर २०२५ च्या सोमवारी मी २५ ते ३१ ऑगस्टचा आठवडा २०२४ च्या २ ते ८ सप्टेंबर या आठवड्याशेजारी मांडला. दोन्ही आठवड्यांत चतुर्थी होती. विक्री ३४ टक्क्यांनी वाढलेली दिसत होती. मोदकांचे नवे साचे आणि नवा डबा लोकांना आवडला असे समजून मी पुढच्या चार दिवसांसाठी रोज ४० किलो खवा जास्त मागवला. तो पुढचा आठवडा मागच्या वर्षीपेक्षा २९ टक्क्यांनी कमी भरला, आणि ७ तारखेच्या पौर्णिमेनंतर पितृपक्ष लागल्यावर मिठाईची मागणी नेहमीप्रमाणे ओसरली. उरलेला खवा आंबट होण्याआधी रातोरात भाजून त्याचे पेढे केले आणि ते पडत्या भावाने विकावे लागले.

चूक कुठे झाली हे आमच्या सर्वांत जुन्या कारागिरांनी सांगितले. कढई घासता घासता ते म्हणाले, “ताई, गेल्या वर्षी गौरी दुसऱ्या आठवड्यात होत्या. यंदा फराळ आदल्या आठवड्यातच निघून गेला की.” मी पंचांग उघडले. २०२४ मध्ये चतुर्थी शनिवारी होती, म्हणजे त्या सोमवार ते रविवारच्या आठवड्यात सणाचे फक्त दोन दिवस पडले होते. गौरीपूजन ११ सप्टेंबरला, पुढच्या बुधवारी होते. २०२५ मध्ये चतुर्थी बुधवारी आली, गौरीचे आवाहन त्याच आठवड्याच्या रविवारी आणि पूजन १ सप्टेंबरच्या सोमवारी होते. गौरीपुढे मांडायच्या करंज्या, लाडू, चकली आणि शेव गिऱ्हाईक पूजनाच्या एकदोन दिवस आधी नेते. म्हणजे २०२५ च्या एकाच आठवड्यात चतुर्थीचे मोदक आणि गौरीचा फराळ दोन्ही विकले गेले होते, तर २०२४ मध्ये ते दोन आठवड्यांत विभागले होते. दोन्ही वर्षांचे ते दोन आठवडे एकत्र केले तेव्हा खरी वाढ ६ टक्के निघाली.

त्यानंतर मी सणाच्या काळापुरता सोमवार ते रविवार हा आठवडा सोडून दिला. चतुर्थीला शून्य धरून आधीच्या दिवसांना उणे एक, उणे दोन आणि पुढच्या दिवसांना अधिक एक, अधिक दोन असे क्रमांक दिले, आणि उणे सातपासून अनंत चतुर्दशीपर्यंतचा सगळा काळ एकत्र ताडायचा असे ठरवले. २०२४ मध्ये हा काळ ३१ ऑगस्ट ते १७ सप्टेंबर आणि २०२५ मध्ये २० ऑगस्ट ते ६ सप्टेंबर असा भरतो. दोन्ही वेळा १८ दिवस होतात. २०२३ मध्ये मात्र चतुर्दशी एक दिवस अलीकडे, २८ सप्टेंबरला आल्यामुळे तो १७ दिवसांचाच आहे, आणि तीन वर्षांची बेरीज शेजारी ठेवताना हा एक दिवस विसरून चालत नाही.

एवढे करूनही गौरी या क्रमांकांत बसत नाहीत. चतुर्थी ही तिथी आहे, म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतरावर ती ठरते. गौरीचे आवाहन अनुराधा, पूजन ज्येष्ठा आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर होते, म्हणजे ते चंद्र कोणत्या तारकांजवळ आहे यावर ठरते. त्यामुळे दोन्हींमधले अंतर दरवर्षी सारखे राहत नाही. आवाहन २०२३ मध्ये चतुर्थीनंतर दुसऱ्या दिवशी, २०२४ मध्ये तिसऱ्या आणि २०२५ मध्ये चौथ्या दिवशी आले. म्हणून आता मोदक आणि पेढ्यांचे दिवस चतुर्थीपासून आणि फराळाचे दिवस गौरीपूजनापासून मोजते. एकाच दिवसाला दोन क्रमांक लागतात. सुरुवातीला ते विचित्र वाटते, पण भट्टीवरचा माल ठरवताना दोन्ही लागतात.

सणासुदीबाहेरच्या साध्या आठवड्यांत प्रश्न वाराचा असतो. वर्षात बावन्न आठवडे आणि वर एक दिवस असतो, लीप वर्षात दोन. त्यामुळे तीच तारीख घेतली तर आमचा भरगच्च रविवार शनिवारसमोर किंवा शुक्रवारसमोर येतो. तिथे ३६४ दिवस मागे गेले की वार जुळतो, आणि तक्त्यात एवढे सूत्र पुरते:

```
=A2-364
```

सणाच्या काळात मात्र वार आणि तिथी दोन्ही एकदम जुळवता येत नाहीत. २०२४ ची चतुर्थी शनिवारची आणि महिन्याच्या ७ तारखेची, पगार हाती आल्यानंतरची होती. २०२५ ची बुधवारची आणि पगाराआधीची होती. याचा विक्रीवर किती परिणाम झाला ते आकड्यांतून वेगळे काढण्याचा मी प्रयत्न केला, पण दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून तसे काही ठामपणे म्हणता येत नाही. ही गोष्ट मी शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवते आणि दोन-चार टक्क्यांच्या फरकावर खव्याचा निर्णय घेत नाही.

सर्वांत अवघड अधिक महिना आहे. तीन वर्षांतून साधारण एकदा तो येतो, आणि जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देण्याच्या पद्धतीमुळे आमच्याकडे अनारशांची मागणी फक्त दिवाळीत आणि त्याच महिन्यात असते. २०२३ मध्ये अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट होता. २०२४ च्या त्याच दिवसांत विक्री खूप घसरल्याचे दिसले, आणि ती घसरण फक्त अनारशांची होती. अनारसे वजा केल्यावर बाकीचा माल उलट थोडा वाढलेलाच निघाला. २०२६ मध्ये १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ आहे. त्याच्याशी ताडायला २०२५ चे मे-जून उपयोगाचे नाही, म्हणून त्या पानावर मी २०२३ चा अधिक श्रावण उतरवून ठेवला आहे, आणि त्यापूर्वीचा २०२० चा अधिक आश्विन टाळेबंदीच्या वर्षातला असल्यामुळे गाळला आहे. तांदूळ किती भिजत घालायचे ते त्या एका पानावरून ठरवणार आहे.